आवाज मजकुरासाठी, बटण हालचालीसाठी

वाचकाचे पत्र

मी ३८ वर्षांचा असून उदगीर तालुक्यातील एका गावात राहतो. मोटारसायकलच्या अपघातात मानेच्या मणक्याला मार लागला. दोन्ही हातांची बोटे हलत नाहीत. उजवा हात खांद्यातून उचलता येतो, कोपरात वाकतो आणि मूठ एखाद्या वस्तूवर टेकवता येते. बोलणे स्पष्ट आहे. पूर्वी गावातील सोयाबीन-तूर आडतीवर घालण्याचे काम मी पाहत असे आणि निदान भावाची विचारपूस व खरेदीदारांशी बोलणे तरी पुन्हा स्वतः करावे अशी इच्छा आहे. पुतण्याने अँड्रॉइड फोनवर आवाजाने चालणारी सोय सुरू करून दिली. पण हुकूम इंग्रजीत द्यावे लागतात, कूलर चालू असला की फोन ऐकत नाही, संध्याकाळपर्यंत माझाच आवाज बसतो आणि घरातली पोरे हसतात. बटणाने फोन चालवण्याची सोय असते असे ऐकले, पण ती ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी असावी. काही जण आयफोन घ्या म्हणतात. हे पत्रही पुतण्याकडूनच लिहून घेतले आहे. मी काय करावे?

उत्तर

तुमच्या पत्रातील एक समजूत आधी बाजूला ठेवावी लागेल, कारण बाकीची बहुतेक अडचण तिच्यातूनच आली आहे. ज्याला बोलता येते त्याने आवाजाने फोन चालवावा आणि ज्याला बोलता येत नाही त्याने बटणाने, अशी वाटणी या सोयींत कुठेही नाही. फोनवर आपण दोन वेगळ्या प्रकारची कामे करतो. एक म्हणजे हालचाल, म्हणजे अ‍ॅप उघडणे, मागे जाणे, यादी सरकवणे, नेमक्या चौकटीवर बोट ठेवणे. दुसरे म्हणजे मजकूर, म्हणजे निरोप लिहिणे, नाव शोधणे, भाव विचारणे. तुमची सध्याची मांडणी या दोन्ही कामांचा भार एकट्या आवाजावर टाकते, आणि त्यातही हालचालीच्या कामाला आवाज सर्वांत कमी जुळतो. म्हणून माझे सुचवणे असे आहे की हालचाल मुठीने दाबायच्या बटणाकडे द्यावी, मजकूर मराठीत बोलून लिहावा आणि आवाजाचे इंग्रजी हुकूम केवळ जोडीला ठेवावेत.

भाषेचा प्रश्न यातूनच बराचसा सुटतो. अँड्रॉइडवर आवाजाने हुकूम घेणारे व्हॉइस अ‍ॅक्सेस नावाचे अ‍ॅप मराठी हुकूम समजत नाही. आयफोनमध्ये २०१९ पासून व्हॉइस कंट्रोल ही तशीच सोय आली आहे, पण तिच्यातही मराठीत हुकूम देता येत नाहीत. त्यामुळे तेवढ्या कारणासाठी महागडा फोन घेण्यात मला अर्थ दिसत नाही. याउलट गुगलच्या जीबोर्ड या कीबोर्डवर २०१७ पासून मराठीत बोलून टंकलेखन करता येते आणि तुमच्या फोनवर ते आजही मिळेल. हुकूम घेणारे अ‍ॅप वेगळे आणि बोललेले लिहून घेणारा कीबोर्ड वेगळा. ‘फोनला मराठी कळत नाही’ हा निष्कर्ष पहिल्यापुरताच खरा आहे.

आवाज संध्याकाळी बसतो, याची नोंद तुम्ही घेतली हे फार उपयोगाचे आहे. मानेतील मज्जारज्जूच्या पाचव्या-सहाव्या पातळीवर इजा झाली की खांदा आणि कोपर वाकवणारा स्नायू बऱ्याचदा काम करतात, बोटांचे स्नायू करत नाहीत, आणि त्याच वेळी बरगड्यांमधले व पोटाचे स्नायूही दुबळे होतात. श्वासपटल चालू राहते म्हणून बोलणे स्पष्ट असते, पण मागून जोर लावणारे स्नायू नसल्यामुळे मोठ्याने आणि बराच वेळ बोलणे दमवते. कूलरच्या आवाजावर मात करण्यासाठी तुम्ही ओरडता तेव्हा नेमकी हीच उणीव ताणली जाते. आवाज वाढवण्याऐवजी मायक्रोफोन तोंडाजवळ आणणे हा योग्य उपाय आहे. फोनला बसणारा, तारेवर मायक्रोफोन असलेला साधा इअरफोन घेऊन तो मायक्रोफोन गालाजवळ, ओठांच्या किंचित बाजूला येईल असा सदऱ्याच्या कॉलरला चिमटवावा. अगदी समोर धरला तर श्वासाचा फुसफुसाट नोंदला जातो. कूलर तुमच्या पाठीमागून वारा देईल असा न ठेवता बाजूला ठेवता आला तर आणखी फरक पडेल.

आता बटणाकडे येतो. अँड्रॉइडमध्ये स्विच अ‍ॅक्सेस नावाची सोय आहे. Settings मध्ये Accessibility उघडल्यावर Switch Access दिसते. काही फोनवर ते आधीपासून नसते, तेव्हा प्ले स्टोअरवरून गुगलचे त्याच नावाचे अ‍ॅप घ्यावे लागते. ते सुरू केले की पडद्यावरील बटणांभोवती एक रंगीत चौकट फिरू लागते, आणि हवी त्या जागी चौकट आली की तुम्ही बाहेरचे बटण दाबायचे. बोट पडद्याला लावण्याची गरजच उरत नाही. बटण ब्लूटूथचे असू शकते, तारेचे असू शकते, आणि पुढच्या कॅमेऱ्याने ओळखलेली चेहऱ्याची हालचाल, उदाहरणार्थ भुवया उंचावणे किंवा तोंड उघडणे, हीसुद्धा बटणाचे काम करू शकते. तुम्हाला मी कॅमेऱ्याची वाट सुचवणार नाही. त्याला चेहऱ्यावर पुरेसा उजेड लागतो, फोन सतत चेहऱ्यासमोर राहावा लागतो, बॅटरी भराभर उतरते, आणि बोलून मजकूर लिहिणाऱ्या माणसाचे तोंड तर उघडतच राहणार. ज्यांचा एकही हात हलत नाही त्यांच्यासाठी मात्र ती फार मोलाची आहे.

परदेशी बनावटीची खास बटणे मिळतात, ती चांगली असतात, पण आपल्याकडे महाग पडतात. ती विकत घेण्याआधी बटणाने चालवणे जमते का हे पाहण्यासाठी संगणकाला जोडायचा, फक्त आकड्यांचा छोटा यूएसबी कीपॅड घ्यावा. उदगीर किंवा लातूरच्या संगणक दुकानात तो सहज मिळतो. सोबत तो फोनला जोडण्यासाठी ओटीजी जोडणी लागेल. या कीपॅडवर उजवीकडे खाली उभे लांब Enter आणि डावीकडे खाली आडवे रुंद 0 असते. तुमच्या मुठीला इतक्या जवळजवळ असलेल्या किल्ल्या अडचण करतील, म्हणून जाड पुठ्ठ्याचा किंवा सनमायकाच्या तुकड्याचा झाकणपत्रा करून त्याला फक्त या दोन किल्ल्यांपुरती भोके पाडावीत. मूठ पत्र्यावर घसरत नेता येते आणि भोकापाशीच दाबता येते. यातून एक महत्त्वाचा फायदाही होतो, तो असा की हात अधांतरी धरावा लागत नाही आणि खांदा दमत नाही.

मांडी किंवा खुर्चीचा हात जिथे मूठ आपोआप विसावते तिथे कीपॅड बसवावा. ‘हात नेऊन दाबतो’ ही जागा चुकीची, ‘हात तिथेच असतो, फक्त दाबतो’ ही जागा बरोबर. फोन वाकवता येणाऱ्या दांडीच्या स्टँडवर डोळ्यांच्या उंचीला, पलंगाला किंवा खुर्चीला आवळून बसवावा. कीपॅड जोडलेला असताना बहुतेक फोनचे चार्जिंग त्याच खाचेतून होत नाही, म्हणून वीज असेल त्या वेळेत आधी फोन भरून घ्यावा, किंवा एकाच वेळी वीजही देणारा यूएसबी हब घ्यावा.

आता त्वचेबद्दल, कारण याची आठवण दुकानदार करून देणार नाही. तुमच्या हाताच्या काही भागाला स्पर्श किंवा दुखणे जाणवत नसेल, तर किल्लीची कड किंवा पत्र्याचा काठ रोज त्याच जागी दाबला जाऊन जखम होऊ शकते आणि तुम्हाला ती कळणारही नाही. भोकांच्या कडा घासून त्यावर मऊ कापडी पट्टी चिकटवावी, आणि करंगळीच्या बाजूची त्वचा कोणाकडून तरी रोज पाहून घ्यावी. लाली अर्ध्या तासातही ओसरली नाही तर त्या दिवशी बटण बंद ठेवावे आणि मूठ टेकवायची जागा बदलावी.

स्विच अ‍ॅक्सेस पहिल्यांदा सुरू करताना ते विचारते की बटण कोणते आणि किती. यूएसबी निवडावे. चौकट कशी फिरावी हे विचारले की ओळी व स्तंभ ही पद्धत निवडावी. कारण असे. समजा पडद्यावर ६ ओळींत ४-४ मिळून २४ चिन्हे आहेत. चौकट एकेक करत फिरली आणि हवे ते चिन्ह विसावे असले तर वीस पायऱ्या थांबावे लागते. आधी ओळ आणि मग तिच्यातील चिन्ह असे निवडले, तर तेच विसावे चिन्ह पाचव्या ओळीत चौथे, म्हणजे नऊ पायऱ्यांत येते. दोन किल्ल्यांपैकी Enter ला आपोआप फिरण्याचे, म्हणजे Auto-scan चे काम द्यावे, आणि 0 ला Reverse auto-scan, म्हणजे उलट दिशेने फिरण्याचे काम द्यावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणात लिहिण्याची चौकट सर्वांत खाली असते आणि वरून फिरत आले तर मधले प्रत्येक जुने निरोप वाटेत लागतात, म्हणून ही उलटी वाट तुम्हाला सर्वांत जास्त लागेल.

पुढची नेमणूक वेगाची. बहुतेक जण इथेच कंटाळून सोय बंद करतात, कारण ठरवून दिलेला वेग त्यांना एक तर घाईचा होतो किंवा झोप येईल इतका मंद. तो अंदाजाने ठेवू नये, मोजावा. पुतण्याला हातात थांबघड्याळ घेऊन तुमच्यासमोर बसवा. त्याने मध्येच, ठराविक तालात नव्हे, ‘हं’ म्हणावे आणि तुम्ही लगेच किल्ली दाबावी. असे दहा वेळा करून सरासरी काढावी. मग ती संख्या ०.६५ ने भागावी. सरासरी १.१ सेकंद आली तर उत्तर साधारण १.७ सेकंद येते आणि चौकटीला एका जागी तितका वेळ द्यावा. बटणाने यंत्रे चालवण्याच्या क्षेत्रात हा ढोबळ नियम वापरला जातो. यामागचा हिशेब साधा आहे. दाबण्यास लागणारा वेळ चौकटीच्या वेळेच्या दोनतृतीयांशाच्या आसपास राहिला की हुकण्याचेही भय नसते आणि ताटकळणेही होत नाही. पहिल्या चिन्हासाठी थोडा जादा वेळ देण्याची वेगळी नोंद असते, ती एक सेकंदाने वाढवावी, कारण सुरू करण्याच्या दाबानंतर मूठ सुटून पुन्हा दाबायला तयार होण्यास वेळ लागतो.

हे बरोबर बसले की नाही, हे चुकांच्या स्वरूपावरून कळते. हवे त्याच्या लगेच पुढचे चिन्ह वारंवार निवडले जात असेल, तर वेग जास्त आहे, चौकटीला एका जागी दिलेला वेळ ०.२ सेकंदाने वाढवावा. हवे त्याच्या आधीचे चिन्ह निवडले जात असेल, तर तुम्ही चौकटीची वाट न पाहता आधीच दाबत आहात. वेग कमी करून याचा फायदा होत नाही, सरावच लागतो. एकदाच दाबले असता दोनदा नोंद होत असेल किंवा हाताला अचानक आकडी येऊन किल्ली वाजत असेल, तर ठराविक वेळेतील पुन्हा पुन्हा दाबणे दुर्लक्षित करण्याची सेटिंग चालू करावी. आकडी येण्याची वेळ तुम्हाला ठाऊक असते, तेवढ्या वेळेपुरती सोय थांबवावी, त्यासाठी पुतण्याची मदत घेणे सोपे.

आता एक निरोप पाठवून पाहू. ‘उद्या सोयाबीनचा भाव काय निघेल ते कळवा’ हा निरोप तुम्हाला आडत्याला पाठवायचा आहे आणि त्याचे संभाषण उघडलेले आहे. सेटिंगमध्ये आधी आपोआप निवड, म्हणजे Auto-select चालू करून ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी ‘काय करू’ असे विचारणारी छोटी यादी मध्ये येईल. 0 दाबा, खालची ओळ उजळेल, पुन्हा दाबून ती निवडा आणि चौकट लिहिण्याच्या जागी आली की दाबा. कीबोर्ड उघडेल. त्याच्यावर मायक्रोफोनची किल्ली वरच्या ओळीत असते, म्हणून आता Enter दाबून वरून फिरवा, वाटेत वरचे निरोप लागतील तेवढे सोसा आणि ओळ व किल्ली निवडा. आता तोंडाजवळच्या मायक्रोफोनमध्ये संथपणे, पण एका श्वासात बोला. लिहिणे संपल्यावर पुन्हा 0 दाबून पाठवण्याच्या बाणापर्यंत जा. तीन निवडी झाल्या आणि १.७ सेकंदाच्या वेगाने प्रत्येकीला सुमारे दहा सेकंद धरले, तर बोलण्याचा वेळ सोडून अर्धे मिनिट लागते. बोट असलेल्या माणसाला हे मंद वाटेल. तुमच्या बाबतीत तुलना बोटांशी करायची नाही, पुतण्या कामातून मोकळा होऊन तुमच्याजवळ येईपर्यंत लागणाऱ्या वेळाशी करायची, आणि त्यात तुमच्या व्यवहारातला शब्द कुणी तिसरा वाचत नाही, हेही धरा.

जीबोर्डमध्ये आधीच मराठी ही एकच भाषा ठेवली तर भाषा बदलण्याची किल्ली शोधावी लागत नाही. आकडे आणि गावांची नावे मात्र पाठवण्यापूर्वी वाचून पाहावीत. ‘चार हजार सहाशे’ असे बोललेले कधी अक्षरांत तर कधी अंकांत लिहिले जाते आणि भावाच्या व्यवहारात एक शून्य इकडे-तिकडे झाले तर ते महागात पडेल.

इंग्रजी हुकुमांचे अ‍ॅप काढून टाकू नका, पण त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नका. स्विच अ‍ॅक्सेसबरोबर ते चालू राहू शकते. पोरे हसतात ती बहुधा ‘मेसेज टाइप कर, कीबोर्ड उघड’ असे लांबलचक इंग्रजी बोलताना. तुम्हाला फक्त काही हुकूम लागतील. ‘गो होम’, ‘गो बॅक’, ‘स्क्रोल डाउन’, ‘ओपन व्हॉट्सअ‍ॅप’, आणि सर्वांत उपयोगी ‘शो नंबर्स’. हा शेवटचा हुकूम दिला की पडद्यावरील प्रत्येक चिन्हावर आकडा उमटतो आणि मग ‘टॅप सेव्हन’ एवढेच म्हणायचे असते. इंग्रजी आकडे तुम्हाला येतातच, त्यामुळे बटणांची इंग्रजी नावे उच्चारण्याची गरज उरत नाही. नकाशासारख्या जागी, जिथे चिन्हच नसते, तिथे ‘शो ग्रिड’ म्हटले की पडदा आकडे दिलेल्या चौकोनांत वाटला जातो. सकाळी आवाज ताजा असताना आणि कूलर बंद असताना हे वापरावे. मराठीत बोलून लिहिण्याची सोय उघडी असताना मात्र ‘स्टॉप लिसनिंग’ म्हणून हे अ‍ॅप थांबवावे, नाहीतर एकाच बोलण्याकडे दोघेही कान लावून बसतात.

पैशांच्या बाबतीत मी काटेकोर राहीन. यूपीआयचा पिन कधीही आवाजाने सांगू नये, कारण तो घरातही ऐकला जातो. पिन स्विचने भरावा आणि काही बँकांची अ‍ॅप्स अशा सोयी चालू असताना चालत नाहीत, तेव्हा चिडून सोय कायमची बंद न करता त्या व्यवहारासाठी घरच्याची मदत घ्यावी. छोट्या रकमांसाठी यूपीआय लाइट बरे, त्यात एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. आणि Accessibility ची परवानगी अ‍ॅपला फार मोठे अधिकार देते. गुगलच्या या दोन सोयी सोडून, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कुठल्याही फाइलने किंवा अनोळखी अ‍ॅपने ती मागितली, तर नाही म्हणा.

कीपॅडवर दोन-तीन आठवडे हात बसला आणि फायदा दिसला, की मग कायमचे बटण करून घेण्याचा विचार करता येईल. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एखाद्या हुशार कारागिराला साधा ब्लूटूथ सेल्फी रिमोट द्यावा, त्याच्या आतील छोट्या बटणाच्या दोन टोकांना दोन तारा जोडायला सांगाव्यात आणि त्या घराच्या घंटीसाठी मिळणाऱ्या नव्या, मोठ्या बटणाला लावाव्यात. हे बटण विजेच्या कोणत्याही तारेला कधीही जोडू नये, त्यात फक्त रिमोटच्या छोट्या सेलचा प्रवाह वाहिला पाहिजे. घंटीचे बटण मुठीच्या बाजूने सहज दाबता येते आणि तारांमुळे ते जिथे लागेल तिथे बसवता येते. एक खोट मात्र ध्यानात ठेवा. असे रिमोट काही मिनिटे वापरले नाहीत तर वीज वाचवण्यासाठी झोपतात आणि पुन्हा जागे होण्यास एखादा दाब वाया जातो. तो दाब वाया गेला म्हणून फोन बिघडला असे समजू नका, एकदा दाबून थोडे थांबा आणि मग काम सुरू करा. तुमच्या डोक्याची बाजूला होणारी हालचाल चांगली असेल, तर दुसरे बटण खुर्चीच्या डोक्याच्या आधाराला लावून आपोआप फिरण्याऐवजी ‘पुढे’ आणि ‘निवड’ अशी दोन बटणांची पद्धत घेता येते. त्यात वेळेशी शर्यत उरत नाही, चौकट तुम्ही दाबाल तेव्हाच पुढे जाते.

पुतण्याला एक काम राहील. चौकट फिरताना फोन अडकला, तर कीपॅड काढून हाताने Settings मधून स्विच अ‍ॅक्सेस बंद करून पुन्हा चालू कसे करायचे, हे त्याने एका कागदावर मराठीत लिहून पलंगाजवळ लावावे, म्हणजे तो शेतात असेल तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणालाही ते करता येईल.